नोकरी सांभाळून

मराठी साहित्य-संगीताचा गेल्या ऐंशी वर्षांचा इतिहास कोणी पगारपत्रकांवरून लिहायला घेतला, तर ओळखीची नावे अनोळखी हुद्द्यांवर भेटतील. बा. सी. मर्ढेकर आकाशवाणीत अधिकारी. जी. ए. कुलकर्णी धारवाडच्या कॉलेजात इंग्रजीचे प्राध्यापक. नारायण सुर्वे मुंबई महापालिकेच्या शाळेत आधी शिपाई, मग शिक्षक. अरुण कोलटकर जाहिरात क्षेत्रातले नावाजलेले आर्ट डायरेक्टर. जयवंत दळवी अमेरिकन सरकारच्या मुंबईतल्या माहिती कार्यालयात. भावगीत गाणारे अरुण दाते शिक्षणाने आणि पेशाने टेक्स्टाइल इंजिनियर. आणि पंडित वसंतराव देशपांडे लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून.

या यादीत अपवाद शोधावे लागतात, नियम नाही. तरीही गळ्यात सूर असलेला किंवा हातात लेखणी असलेला पंचविशीतला मुलगा वा मुलगी घरी बोलायला बसते तेव्हा चर्चा दोनच वाक्यांत संपते. घरचे म्हणतात, ‘नोकरी सांभाळून हवं ते कर.’ मित्र म्हणतात, ‘नोकरीत पडलीस की संपलीस.’ दोन्ही बाजू नोकरी ही एकच एक वस्तू असल्यासारखे बोलतात. वर दिलेल्या यादीकडे जरा जवळून पाहिले, तर वेगळेच चित्र दिसते. काही नोकऱ्यांनी कलावंताला पोसले, काहींनी अडवले. हा फरक पगाराच्या आकड्यापेक्षा इतर गोष्टींवर ठरला. नोकरीने दिवसातले कोणते तास घेतले, कलेला लागणारीच शक्ती वापरली का, माणसाला कोणत्या गावी नेऊन टाकले आणि त्याने केलेल्या कामावर मालकी कोणाची राहिली, हे त्यात महत्त्वाचे होते.

आधी हिशेब मांडायला हवा, कारण तो मांडल्याशिवाय बाकीची चर्चा हवेत राहते. मराठी पुस्तकाची आवृत्ती साधारणतः हजार प्रतींची धरली जाते आणि हल्ली ती पाचशेवरही येते. समजा, कादंबरीची किंमत ४०० रुपये आहे आणि लेखकाचे मानधन छापील किमतीच्या १० टक्के ठरले आहे. म्हणजे प्रतीमागे ४० रुपये, आणि हजार प्रतींचे ४०,००० रुपये. आवृत्ती संपायला दोन वर्षे लागली, तर महिन्याला पडतात साधारण १,६७० रुपये. याच दराने महिना ४०,००० रुपये सुटायचे असतील, तर वर्षाला १२,००० प्रती खपायला हव्यात, आणि तेही दरवर्षी. एवढा खप मराठीत मोजक्याच पुस्तकांच्या वाट्याला येतो. त्यामुळे ‘पुस्तकावर जगणे’ हा पर्याय बहुतेकांसाठी मुळात अस्तित्वातच नाही. जे लेखणीवर जगले त्यांनी पत्रकारिता, चित्रपट, नाटक, मालिका, भाषांतर किंवा जाहिरात यांतले काहीतरी केलेच.

गायकाचा हिशेब वेगळ्या जागी अडतो. मैफलीचे पाकीट पुस्तकाच्या मानधनापेक्षा जड असू शकते, पण ते हंगामी असते. गणेशोत्सव, दिवाळी पहाट, थंडीतले महोत्सव असे सहा महिने भरलेले, आणि उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंतचे दिवस बरेचसे रिकामे. मिळालेल्या बिदागीतून तबला आणि पेटीच्या साथीदारांची बिदागी, प्रवास आणि कधीकधी मुक्कामही निघायचा असतो. तरुण गायकाच्या बाबतीत साथीदार त्याच्याहून ज्येष्ठ असले, तर स्वतःसाठी काही उरणे अवघडच. राहिलेली बाजू शिकवण्या भरून काढतात. समजा, २० विद्यार्थी आणि प्रत्येकी महिना १,५०० रुपये, तर ३०,००० झाले. पण त्यासाठी आठवड्यातल्या बहुतेक संध्याकाळी गळा दुसऱ्यांच्या सुरावर खर्च होतो, आणि सकाळच्या रियाजाला तोच गळा हवा असतो.

म्हणून नियमित पगार हा बहुतेक कलावंतांपुढचा खरा प्रश्न आहे. त्याची किंमत काय, हे पाहायला वसंतरावांचे उदाहरण सर्वांत बोलके आहे.

वसंतरावांचा जन्म १९२० चा, मूर्तिजापूरचा. नागपूरला शंकरराव सप्रे यांच्याकडे शिक्षण झाले, पुढे सुरेशबाबू माने यांच्यासारख्या गुरूंची तालीम मिळाली, लाहोरला असद अली खाँसाहेबांकडे ते मारवा शिकले. शिवाय मास्टर दीनानाथांच्या गायकीचा ठसा होताच. एवढी शिदोरी असलेला हा माणूस पुण्यात मिलिटरी अकाउंट्समध्ये जवळजवळ चोवीस वर्षे कारकुनी करत राहिला. घरची जबाबदारी होती आणि त्या काळात केवळ गाण्यावर संसार चालवणे सोपे नव्हते. त्यांची गायकी कोणत्याही एका घराण्याच्या चौकटीत बसणारी नव्हती, त्यामुळे घराण्याच्या नावावर मिळणाऱ्या मैफलीही त्यांच्या वाट्याला सहज येत नव्हत्या. हिशेब खात्याची नोकरी कागदावर तरी कलावंताला सोयीची वाटते. कामाची वेळ ठरलेली, कामाचे ओझे घरी येत नाही आणि आकडेमोडीत गळ्याला काही श्रम नाहीत.

अडचण आली ती बदलीमुळे. खात्याने त्यांना ईशान्य सीमेवर, तेव्हाच्या नेफा प्रदेशात पाठवले. गायकाला पुण्यापासून तोडणे म्हणजे साथीदार, श्रोते, आयोजक आणि आकाशवाणी केंद्र या सगळ्यांपासून एकदम तोडणे. लेखक वही घेऊन कुठेही जाऊ शकतो. जी. एं.नी धारवाडला राहूनच, पुण्या-मुंबईच्या साहित्यवर्तुळापासून दूर, मराठी कथेला नवे वळण दिले. गायकाचे तसे नसते. त्याचे काम समोर श्रोता असल्याशिवाय पुरे होत नाही, आणि मैफलींच्या जगात नजरेआड झालेला गायक आयोजकांच्या यादीतूनही उतरतो.

साठच्या दशकाच्या मध्यावर वसंतरावांनी नोकरी सोडली. २४ डिसेंबर १९६७ ला पुरुषोत्तम दारव्हेकरांचे ‘कट्यार काळजात घुसली’ रंगमंचावर आले, जितेंद्र अभिषेकींच्या संगीतासह, आणि खाँसाहेब आफताब हुसेन यांची भूमिका वसंतरावांनी केली. तेव्हा ते ४७ वर्षांचे होते. या नाटकाने त्यांचे नाव घराघरांत पोहोचवले. इथे पैशाच्या दृष्टीने एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. व्यावसायिक रंगभूमीवर नटाला प्रयोगामागे ‘नाइट’ मिळते. मैफल कधी ठरेल सांगता येत नाही, पण चाललेल्या नाटकाचे प्रयोग महिनाभर आधी लागतात. म्हणजे पगार गेला, तरी पगारासारखे काहीतरी हाती आले. १९८३ मध्ये ते गेले. पूर्णवेळ कलावंत म्हणून त्यांना जेमतेम अठरा वर्षे मिळाली. ती आधी मिळाली असती तर, हा प्रश्न त्यांचे चाहते आजही विचारतात. पण नोकरी आधीच सुटली असती तर त्या काळात दुसरे नियमित उत्पन्न कुठून आले असते, हा प्रश्न मात्र फारसा विचारला जात नाही.

बदलीनेच एखाद्याचे भले केल्याचेही उदाहरण आहे. हरिप्रसाद चौरसिया आधी टंकलेखनाची नोकरी करत होते. १९५७ मध्ये ते कटकच्या आकाशवाणी केंद्रावर बासरीवादक म्हणून लागले आणि काही वर्षांनी त्यांची बदली मुंबईला झाली. इथे चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाचे काम मिळाले, आणि अन्नपूर्णादेवींसारख्या गुरू भेटल्या. पुढे त्यांनी आकाशवाणी सोडली. खाते सरकारीच, हुकूम बदलीचाच, पण एकाला तो कामाच्या बाजारपेठेपासून दूर नेणारा ठरला, दुसऱ्याला बाजारपेठेच्या मध्यभागी आणणारा.

आकाशवाणीचे नाव या विषयात पुन्हा पुन्हा येते, कारण विसाव्या शतकातल्या मराठी कलावंतांची ती सर्वांत मोठी आश्रयदाती होती. पु. ल. देशपांडे तिथे होते. अभिषेकी मुंबई केंद्राच्या कोकणी विभागात होते. यशवंत देव संगीतकार म्हणून होते. व्यंकटेश माडगूळकरांनी पुणे केंद्राच्या ग्रामीण कार्यक्रमांच्या विभागात जवळजवळ तीन दशके काढली. या नोकरीत काम आणि कला यांच्यात भिंत नव्हती. माडगूळकरांना गावे, शेती आणि गावाकडची बोली यांच्याशी रोजचा संबंध ठेवण्याचे पैसे मिळत होते, आणि त्यांच्या लेखनाचा कच्चा माल नेमका तोच होता. १९५५ साली पुणे केंद्रावरून सुरू झालेले ‘गीतरामायण’ सीताकांत लाड यांच्यासारखा अधिकारी आत बसलेला होता म्हणून घडले. दर आठवड्याला एक याप्रमाणे ५६ गीते ग. दि. माडगूळकरांनी लिहिली, सुधीर फडक्यांनी त्यांना चाली दिल्या, आणि ठरलेल्या वेळी प्रक्षेपण व्हायचेच. कार्यालयाच्या वेळापत्रकाने प्रतिभेला मारले असे इथे म्हणता येत नाही. उलट त्या वेळापत्रकानेच ती मालिका वर्षभर पुढे ढकलत नेली.

कलेजवळच्या नोकरीचा एक धोकाही आहे, आणि तो लेखकांनी जास्त ओळखावा असा आहे. दिवसभर शब्दांचेच काम करून रात्री पुन्हा शब्दांकडे वळताना मन थकलेले असते. वृत्तपत्राच्या टेबलावर दहा बातम्या सरळ करून आलेल्या उपसंपादकाला कथेचे वाक्य सुचायला वेळ लागतो. विजय तेंडुलकर वृत्तपत्रांत काम करत नाटके लिहीत होते, आणि पत्रकारितेने त्यांना शहरातली माणसे व हिंसा जवळून दाखवली, हे खरे. पण प्रत्येकाला ते जमत नाही. किरण नगरकर जाहिरातींचे लेखन करत. त्यांची पहिली कादंबरी ‘सात सक्कं त्रेचाळीस’ १९७४ ची, आणि पुढची कादंबरी ‘रावण अँड एडी’ इंग्रजीतून आली ती १९९४ साली. या वीस वर्षांना नोकरी हे एकच कारण नव्हते. मराठीत पहिल्या कादंबरीला मिळालेला थंड प्रतिसादही त्यात होता. कोलटकरही जाहिरातीतच होते, पण त्यांचे काम दृश्य मांडणीचे होते, शब्द त्यांनी कवितेसाठी शिल्लक ठेवले असे म्हणायला जागा आहे. ‘जेजुरी’ पुस्तकरूपाने १९७६ मध्ये आले तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती, आणि ‘काळा घोडा पोएम्स’ निघाले ते २००४ साली, त्यांच्या मृत्यूच्या थोडे आधी. पोट कवितेवर अवलंबून नसल्यामुळे कविता कधी छापायची हे ते ठरवू शकत होते. नोकरीने दिलेले हे स्वातंत्र्य क्वचितच मोजले जाते.

हातांना काम आणि डोक्याला मोकळीक देणाऱ्या नोकऱ्यांची परंपरा जगभर आहे. अमेरिकन संगीतकार फिलिप ग्लास यांनी नळजोडणी केली, न्यूयॉर्कमध्ये टॅक्सी चालवली. १९७६ मध्ये त्यांचा ‘आइनस्टाइन ऑन द बीच’ हा ऑपेरा मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमध्ये झाला आणि त्यानंतरही ते टॅक्सीच चालवत होते, कारण प्रयोग गाजला तरी खर्च भरून निघाला नव्हता. गांधीजींच्या दक्षिण आफ्रिकेतल्या लढ्यावरच्या ‘सत्याग्रह’ या ऑपेराचे काम मिळाले तेव्हा ते चाळिशी ओलांडून गेले होते, आणि मग कुठे टॅक्सी सुटली. त्याच्या काही वर्षे आधी मुंबईत नामदेव ढसाळांनीही टॅक्सी चालवली होती. ‘गोलपिठा’ १९७२ मध्ये आले. पण हे दोन टॅक्सीवाले एका रांगेत बसवताना जपून राहावे लागते. ढसाळांपुढे ‘आवड की पगार’ अशी निवड नव्हतीच. जे मिळेल ते काम करावे लागत होते, आणि त्या कामांनी दाखवलेले शहर कवितेत उतरले. सुर्व्यांचेही तसेच. नोकरी सोडू का, हा प्रश्न विचारता येणे हीसुद्धा एक सोय आहे, आणि ती प्रत्येकाला मिळत नाही.

ज्यांना ती मिळते त्यांना पुढचा प्रश्न पडतो तो वेळेचा. सोडायची तर कधी?

इंग्लिश कादंबरीकार अँथनी ट्रॉलप यांनी याचे उत्तर अगदी हिशेबनिसासारखे दिले. ते टपाल खात्यात होते. पहाटे साडेपाचला लिहायला बसत, समोर घड्याळ ठेवत आणि दर पंधरा मिनिटांना अडीचशे शब्द असा दंडक पाळत. अशा रीतीने कादंबऱ्यांमागून कादंबऱ्या लिहून त्यांनी १८६७ मध्ये राजीनामा दिला. तोवर ते गप्प राहिले होते, कारण मुदतीआधी सोडले तर निवृत्तिवेतन बुडणार होते. लेखनाच्या कमाईतून त्या निवृत्तिवेतनाइतके उत्पन्न देणारी रक्कम साठली, तेव्हाच त्यांनी खुर्ची सोडली.

टी. एस. एलियट यांचे प्रकरण याच्या उलट दिशेने शिकवणारे आहे. १९१७ पासून ते लंडनच्या लॉइड्स बँकेत होते. एझरा पाउंडना हे सहन होईना. १९२२ मध्ये त्यांनी एक योजना काढली की तीस जणांनी दर वर्षी दहा पाउंड द्यायचे आणि कवीला बँकेतून सोडवायचे. एलियटना ही वर्गणी संकोचाची वाटली, शिवाय पत्नीचे आजारपण होते आणि वर्गणीदार पुढच्या वर्षी टिकतील याची खात्री कोण देणार? बँकेचा पगार मात्र टिकत होता. त्याआधीच्या वर्षी ते मानसिकदृष्ट्या खचले तेव्हा बँकेने त्यांना तीन महिन्यांची रजा दिली होती आणि त्याच काळात ‘द वेस्ट लँड’चा मोठा भाग लिहून झाला. १९२५ मध्ये त्यांनी बँक सोडली, पण ती दुसऱ्या नोकरीसाठी, एका प्रकाशनसंस्थेत. मित्रांच्या वर्गणीपेक्षा कलेजवळची नोकरी त्यांना जास्त भरवशाची वाटली.

मराठीत जयवंत दळवींनी माहिती कार्यालयाची नोकरी स्वेच्छेने सोडली ती नाटककार म्हणून जम बसू लागल्यावर. कादंबरीकाराला आवृत्तीमागे एकदाच मानधन मिळते, नाटककाराला प्रयोगामागे मिळत राहते. ट्रॉलप, वसंतराव आणि दळवी या तिघांनी नोकरी सोडण्याआधी किंवा सोडल्यावर लवकरच उत्पन्नाचा पुन्हा पुन्हा येणारा काहीतरी मार्ग पकडला होता. एखादा पुरस्कार, एक गाजलेले गाणे किंवा एका चांगल्या हंगामातल्या दहा मैफली यांच्या जोरावर राजीनामा देणाऱ्यांची अडचण इथेच होते. त्या वर्षीची कमाई पगाराहून जास्त दिसते, पण ती पुढच्या वर्षी परत येत नाही. दोन पूर्ण वर्षांची कमाई, त्यातही पावसाळ्याचे महिने वेगळे काढून, मांडली की खरे काय ते दिसते.

नोकरीत राहूनच कला करायची, तर कागदपत्रांकडे पाहणे भाग आहे. केंद्र सरकारच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांनुसार कर्मचाऱ्याला खासगी धंदा किंवा दुसरी नोकरी परवानगीशिवाय करता येत नाही, पण साहित्यिक, कलात्मक किंवा वैज्ञानिक स्वरूपाचे प्रासंगिक काम त्यातून वगळले आहे. अट अशी की सरकारी कामात त्यामुळे कुचराई होऊ नये. कथा छापणे, अधूनमधून मैफल करणे यात बसते. दर शनिवार-रविवार फी घेऊन गाण्याचे वर्ग चालवणे मात्र ‘प्रासंगिक’ म्हणवत नाही, आणि तिथे लेखी परवानगी घ्यावी. खासगी कंपनीत नियुक्तिपत्रातले कलम वाचावे लागते. दुसरे म्हणजे मालकी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कृतीचा पहिला मालक नोकरी देणारा असतो. जाहिरात संस्थेत पगारावर असताना केलेली धून किंवा वाहिनीसाठी लिहिलेली संहिता यामुळे संस्थेची होऊ शकते. घरी, स्वतःच्या वेळात लिहिलेली कादंबरी लेखकाचीच राहते. पण कार्यालयाच्या संगणकावर, कार्यालयाच्या विषयाशी मिळतेजुळते लिहिले तर वाद निघतो. चित्रपटगीतांबाबत २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकाराला सोडून न देता येणारा मानधनाचा हिस्सा दिला. नियमित येणाऱ्या उत्पन्नाचा हा एक नवा मार्ग आहे, पण तो उघडण्यासाठी आपली गीते संबंधित हक्कसंस्थेकडे नोंदवावी लागतात.

मात्र जुन्या पिढीची ‘नोकरी सांभाळून’ ही व्यवस्था ज्या संस्थांवर उभी होती, त्याच आता आटल्या आहेत. आकाशवाणीत कायमस्वरूपी कलावंतांची भरती गेल्या काही दशकांत जवळजवळ थांबली आहे आणि नैमित्तिक कामावर केंद्रे चालतात. कॉलेजांत पूर्ण पगाराच्या जागा कमी झाल्या आणि अनेक तरुण तासिका तत्त्वावर शिकवतात. त्यात सुट्टीत पैसे मिळत नाहीत आणि पुढच्या वर्षीचा भरवसा नसतो. म्हणजे जी. एं.सारखी जागा आज हवी असली तरी ती अर्ज करायलाही क्वचितच मिळते. दुसरीकडे नव्या पगाराच्या नोकऱ्या बँका, आयटी आणि बहुराष्ट्रीय कंपन्यांत आहेत. तिथे पैसा चांगला, पण वेळ घड्याळाने संपत नाही, फोन रात्रीही वाजतो. ठरावीक वेळी संपणारी साधी कारकुनी आता दुर्मीळ आहे, आणि वसंतरावांना गाण्यासाठी रोजची संध्याकाळ मोकळी ठेवायला तीच उपयोगी पडली होती.

याला पर्याय म्हणून काही नमुने दिसतात. एखाद्या संस्थेने कलावंताला शिकवण्यासाठी पूर्णवेळ पगार देणे हा एक. उल्हास कशाळकर काही वर्षे आकाशवाणीत होते, आणि १९९३ पासून कोलकात्याच्या आयटीसी संगीत संशोधन अकादमीत गुरू म्हणून राहिले. तिथे शिष्यांना शिकवणे हेच काम, आणि स्वतःचे गाणे हा त्या कामाचाच भाग. अशा जागा देशात बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. दुसरा नमुना म्हणजे आठवड्यातले तीन-चार दिवसच नोकरी करणे. शाळांतले संगीतशिक्षक, अर्धवेळ ग्रंथपाल, मालिकांची भाषांतरे करणारे लेखक हे तसे जगतात. पगार कमी, पण सकाळ आपली.

सरकारी मदत मात्र उतारवयात येते. महाराष्ट्र शासनाची ज्येष्ठ साहित्यिक व कलावंतांसाठीची मानधन योजना महिना ५,००० रुपयांची आहे आणि तिची वयोमर्यादा सर्वसाधारणपणे पन्नाशीपासून सुरू होते. कलावंताला पगाराची सर्वांत जास्त गरज लागते ती पंचवीस ते पंचेचाळीस या वयात, जेव्हा घर उभे राहत असते आणि कलाही. त्या वीस वर्षांसाठी आकाशवाणी आणि कॉलेजे जे करत होती, ते काम आज कोणती संस्था करते हे विचारले, तर नाव सांगायला वेळ लागतो. तोवर तरुण गायिकेने नियुक्तिपत्र हातात आल्यावर पगाराच्या आकड्यासोबत आणखी चार ओळी वाचायला हव्यात. कामाची वेळ किती वाजता संपते, बदलीची अट आहे का, बाहेरच्या कार्यक्रमांना परवानगी कोण देते, आणि कामावर असताना घडलेल्या गोष्टीचा हक्क कोणाकडे राहतो.